चौथ्या माळेनंतर : एका घरातल्या घटाचं प्रकरण

चौथ्या माळेची संध्याकाळ होती. आजींनी तरवडाच्या फुलांची माळ घटावर सोडली, आरती झाली, आणि अर्ध्या तासात गल्लीतून निरोप आला की भावकीतले एक चुलत दीर गेले. सून रडायला लागली. आजी देव्हाऱ्यापासून दोन पावलं मागं सरकल्या आणि म्हणाल्या, "आता दिव्याला कुणी हात लावू नका."

घर औसा तालुक्यातलं, शेतकऱ्याचं. गाव भूकंपानंतर नव्या जागी वसवलेलं. घरात आजी, थोरला मुलगा, सून आणि दोन नातवंडं. धाकटा मुलगा छत्रपती संभाजीनगरात नोकरीला, लेक बारा किलोमीटरवर दिलेली. घराण्याची कुलस्वामिनी तुळजाभवानी. मी तिथं घरगुती पूजेच्या नोंदी करायला जात होतो. गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम देत नाही.

पेच साधा दिसतो, पण तसा नाही. घट बसला की नऊ दिवस अखंड दिवा विझता कामा नये, रोज माळ चढली पाहिजे, आणि देव जागचे हलता कामा नयेत. भावकीत मयत झाली की दहा दिवस घरातल्या कुणी देवाला शिवायचं नाही. हे दोन्ही नियम त्याच घराचे आणि दोन्ही तितकेच पक्के. चौथ्या माळेला माणूस गेला म्हणजे दसरासुद्धा सुतकातच येणार. मग दिव्यात तेल कोण घालणार?

धर्माचा अभ्यास ग्रंथाकडून सुरू केला तर उत्तर पटकन मिळतं. धर्मशास्त्रात वचन प्रसिद्ध आहे : आरब्धे सूतकं न स्यात्, अनारब्धे तु सूतकम्. एकदा व्रताला आरंभ झाला की त्या व्रतापुरतं सूतक लागत नाही. घटस्थापना हाच आरंभ, तेव्हा आजींनी पुढच्या माळा खुशाल स्वतः घालाव्यात. थोरल्या मुलानं रात्री नेहमीच्या भटजींना फोन लावला, त्यांनीही हेच सांगितलं. फोन स्पीकरवर होता. आजींनी सगळं ऐकून घेतलं. "त्यांचं बरोबर हाय," त्या म्हणाल्या, "पण हात माजे हायत."

मी वहीत लिहिलं : "शास्त्र विरुद्ध रूढी. रूढी जिंकली." ही नोंद चूक होती, आणि ती किती चूक आहे हे पुरतं कळायला मला पुढचं नवरात्र उजाडावं लागलं. म्हणून ती कशी सुधारली तेच इथं सविस्तर सांगतो.

पण आधी पद्धतीबद्दल थोडं. ग्रंथ, मठ, पुरोहित यांच्याऐवजी माणसं रोज जे करतात तिथून धर्म पाहायचा, या दृष्टीला १९९० च्या दशकात अमेरिकी धर्म-इतिहासकारांमध्ये "लिव्ड रिलिजन" असं स्वतंत्र नाव मिळालं. डेव्हिड हॉल, रॉबर्ट ऑर्सी ही त्यातली मोठी नावं. मराठीत त्याला "जगलेला धर्म" म्हणता येईल. आपल्याकडे लोकदैवतांवर रा. चिं. ढेरे आणि गुंथर सोन्थायमर यांचं काम डोंगराएवढं आहे. पण त्यांचा मुख्य शोध दैवत कुठून आलं आणि कसं बदलत गेलं याचा. माझा प्रश्न फार लहान होता : या घरात, या आठवड्यात, देवाला कुणाचा हात लागला?

त्यासाठी मी तीन गोष्टी करायचो. पहिली, देव्हाऱ्यातल्या वस्तूंची मोजदाद. दुसरी, हातांची नोंदवही. कोणती वस्तू कुणी, किती वाजता, कुठून उचलून कुठं ठेवली आणि तेव्हा खोलीत कोण होतं, एवढंच त्यात लिहायचं, अर्थ लिहायचा नाही. तिसरी, नंतरचं बोलणं. तेही नियम विचारून नाही. "सुतकात काय करायचं असतं?" असं विचारलं की माणूस शिकलेल्या पाहुण्याला शोभेल असं उत्तर देतो. "मागच्या खेपेला असं झालं तेव्हा काय केलं होतं?" असं विचारलं की त्याला आठवावं लागतं, आणि आठवताना माणसं, भांडी, भांडणं सगळी बाहेर येतात.

मोजदादीपासून सुरू करतो, कारण पुढचं बरंच तिच्यावर उभं आहे. देव्हारा म्हणजे स्वयंपाकघराच्या भिंतीत बसवलेली कडाप्प्याची फळी. नवरात्राच्या आधी देव घासायला काढले तेव्हा आजींनी मला यादी सांगितली : भवानी, खंडोबा, घराण्यातला वीर आणि महालक्ष्मी असे चार चांदीचे टाक, अन्नपूर्णा, बाळकृष्ण, परडी, कवड्यांची माळ. मी फळीवरच्या वस्तू मोजल्या. अन्नपूर्णा एक नव्हती, तीन होत्या. एक आजींच्या सासूची, एक आजींची, एक सुनेची. लग्नात माहेरहून पितळी अन्नपूर्णा येते, ती सासरच्या देवांत बसते आणि तिथंच राहते. एकाच देवीच्या तीन मूर्ती कशाला, हा प्रश्न घरात कुणालाच पडलेला नव्हता. ज्याला आपण घराण्याचे देव म्हणतो, त्यांत तीन परक्या घरांच्या देवी ओळीनं बसल्या होत्या. अन्नपूर्णा मोजल्या की त्या घरात आलेल्या सुना मोजून होतात.

यादीत नसलेली आणखी एक वस्तू सापडली, एका कोपऱ्यातली कागदाची पुडी. आत गावच्या दर्ग्यातली उदी. विचारल्यावर सून म्हणाली, "ती देवात नसती, पोराला नजर लागली की लावायची." पण ती होती देवांतच, आणि देवांबरोबर तिच्याखालची फळीही पुसली जात होती. सांगितलेली यादी आणि मोजलेली यादी यांत फरक पडला तर तो खोडायचा नाही, दोन्ही याद्या शेजारीशेजारी ठेवायच्या. घर कशाला देव म्हणतं आणि कशाला देवासारखं वागवतं, हे त्या फरकातच दिसतं.

टाकांमध्ये खंडोबाचा टाक नवा, चकचकीत. बाकी तीन चेपलेले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, जुनं माळवदाचं घर बसलं, आणि देव मलब्याखाली गेले. तीन टाक उपसताना सापडले, खंडोबा सापडला नाही. तो पुढं सोनाराकडून घडवून घेतला. भवानीचा टाक मधोमध वाकलेला आहे. भंगलेली मूर्ती पूजेत ठेवू नये हा संकेत आजींना पक्का ठाऊक आहे, आणि बाळकृष्णाचा पाय तुटला तेव्हा त्यांनी तो नदीत सोडून नवा आणला होता. वाकलेली भवानी मात्र जागची हलली नाही. मी जास्त खोदलं नाही. काही ठिकाणी गप्प बसणं हीच पद्धत असते.

आता त्या रात्रीची नोंदवही. निरोप आला तेव्हा पावणेआठ झाले होते. घट नेहमीसारखा मांडलेला : पत्रावळीवर शेतातली काळी माती, तीत ज्वारी, गहू, हरभरा, करडई, जवस पेरलेले, मधोमध पाण्यानं भरलेला मातीचा घट, शेजारी विड्याच्या पानांवर देव आणि बाजूला समई. समईत तेल किती टिकतं ते मी आधीच्या तीन रात्री पाहिलं होतं : साधारण चार तास. म्हणजे बाराच्या आत कुणीतरी तेल घालायलाच हवं. लेकीला फोन गेला, पण तिच्या घरी म्हशीची धार, मुलांची शाळा. ती पहाटे येते म्हणाली.

साडेदहाला आजी दारात गेल्या आणि समोरच्या घरातल्या बाईला हाक मारली. बाई वेगळ्या आडनावाची, वेगळ्या जातीची. एरवी ती ओट्यावर बसून बोलते, चहा तिथंच पिते. मागच्या चार दिवसांत स्वयंपाकघरात आलेली मी तिला पाहिली नव्हती. त्या रात्री तिनं हातपाय धुतले, आत आली, समईत तेल घातलं, वात सारली आणि एकदा घटाच्या कडेनं मातीवर पाणी शिंपडलं. आजी उंबऱ्याबाहेरून सांगत होत्या : "दमानं. पानं हलवू नको." पहाटे दोनला ती पुन्हा येऊन गेली.

साडेपाचला लेक आली. जावई मोटारसायकलवर सोडून गेले. तिनं आंघोळ केली, पाचवी माळ ओवली, चढवली, आरती म्हटली. दसऱ्यापर्यंत ती तिथंच राहिली. दिलेल्या लेकीला माहेरच्या भावकीचं सुतक आंघोळीपुरतं, असा त्या घराचा हिशेब. ती रक्तानं याच घराची, पण भावकीतून बाहेर गेलेली. हात लावायला तिच्याइतकं योग्य माणूस दुसरं नाही.

सातव्या माळेला माझ्या लक्षात आलं की लेक दुपारी भाकरी-पिठलं खाते. तिनं उपास धरलेलाच नव्हता. उपास आजी आणि सून करत होत्या, सुतकाच्या आधी जसा चालला होता तसाच : एकवेळ भगर, शेंगदाण्याची आमटी, पायात चप्पल नाही. देवाला शिवायला बंदी, पण देवीसाठी उपाशी राहायला बंदी नाही. व्रत थांबलेलं नव्हतंच. ते दोन शरीरांत वाटलं गेलं होतं. पोट आजींचं, हात लेकीचा.

इथं माझी "शास्त्र विरुद्ध रूढी" ही नोंद कोसळली. ग्रंथ नीट पाहिले तर तिथंही अशी सोय आहे : व्रताच्या मध्येच अडचण आली, उदाहरणार्थ बाईची पाळी आली, तर पूजा दुसऱ्याकडून करून घ्यावी आणि उपासासारखे शरीराचे नियम स्वतः पाळावेत. म्हणजे भटजींनी एक कलम सांगितलं, आणि आजी नकळत दुसऱ्या कलमाप्रमाणे वागल्या. असे निर्णय करणारा "निर्णयसिंधु" १६१२ सालचा. तो लिहिणारे कमलाकरभट्ट काशीचे, पण त्यांचं घराणं मूळचं पैठणचं. ग्रंथ आणि घर यांच्यात मला वाटलं होतं तेवढं अंतर नव्हतं. असे निर्णयग्रंथ लिहिणारेही शेवटी कुठल्यातरी घरातल्या समईच्याच अडचणी सोडवत असणार, असं मला आता वाटतं.

तरीही आजी ग्रंथाप्रमाणे वागल्या असं म्हणणं पुन्हा चूकच. ग्रंथातल्या सोयीत "दुसरा" कोण याला फारसं महत्त्व नाही, अडचण नसलेला कुणीही चालतो. आजींच्या हिशेबात दुसरं कुणीही म्हणजे लेकच. का, असं विचारलं तर त्या म्हणाल्या, "सासूनं तिच्या लेकीला बोलावलं होतं." म्हणजे आजींच्या नणंदेला. नियम माहेरवाशिणींच्या रांगेतून आला होता, आणि तो फक्त अडचणीच्या वर्षी दिसतो. सुरळीत वर्षी त्याच घरात मी महिनाभर बसलो असतो तरी लेकीचं हे स्थान मला कळलं नसतं. म्हणून अशा अभ्यासात पूजा नीट पार पडलेल्या दिवसापेक्षा बिघडलेला दिवस जास्त उपयोगी.

दुसऱ्या वर्षी पुन्हा गेलो. यंदा सगळं सुरळीत होतं. मी घरातल्या चौघांना वेगवेगळं गाठून एकच प्रश्न विचारला : मागच्या वर्षी सुतक आलं तेव्हा घटाचं काय केलं? थोरला मुलगा म्हणाला, "भटजींना विचारून केलं." आजी म्हणाल्या, "लेकीनं केलं." सून म्हणाली, "नणंदबाई आल्या म्हणून निभावलं." लेक म्हणाली, "मी पहाटेच आले, दिवा तसाच होता." दिवा तसाच होता! चौघांच्याही सांगण्यात समोरच्या बाईचा पत्ता नाही. साडेदहा आणि दोन या माझ्या दोन नोंदी नसत्या तर मीही लिहिलं असतं की लेकीनं घट सांभाळला.

ते खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. घराच्या हिशेबात माळ घालणं म्हणजे पूजा, तेल घालणं म्हणजे मदत. पण दिवा विझला असता तर मोडलं असतं व्रतच, मदत नव्हे. सुतकानं एका बाजूला घरच्यांना देवापासून लांब केलं आणि दुसऱ्या बाजूला एरवी ओट्यावर थांबणाऱ्या बाईला रात्रीपुरतं आत घेतलं. तिच्या जातीला सुतकापुरती सूट मिळाली आणि सुतक फिटल्यावर ती परत ओट्यावर गेली. मुलाखतींवर भरवसा ठेवणारा अभ्यास हे कधीच पकडू शकत नाही, कारण ज्याची आठवण ठेवायची नसते ते कुणी सांगत नाही.

आजींना मी एक प्रश्न आणखी विचारला : घट बसलाच नाही असं कधी झालं का? त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भूकंपाच्या साली." १९९३ ची घटस्थापना भूकंपानंतर सोळाव्या दिवशी आली होती. मोजायचं तर सुतकाचे दहाच काय, तेरा दिवसही उलटले होते. शास्त्राची आडकाठी नव्हती, कुणी नको म्हटलं नव्हतं, तीन टाक हातात आले होते. मी विचारलं, मग? "माती आणायला कुणी गेलंच न्हाई." घटाला शेतातली माती लागते, आणि त्या पंधरवड्यात त्या गावानं मातीतून काय काय उपसलं होतं ते मी इथं लिहीत नाही. सुतक या शब्दात ते बसत नाही, आणि "श्रद्धा डळमळली" असं म्हणणं तर सरळ आगाऊपणा. पुढच्या वर्षी घट बसला.

संभाजीनगरच्या धाकट्याचं थोडक्यात. तो वेगळा राहतो, पण देव वाटलेले नाहीत, म्हणून त्याच्या फ्लॅटमध्ये घट बसत नाही, भवानीच्या तसबिरीपुढं दिवा असतो. मयतीची बातमी गेल्यावर त्याच्या बायकोनं तोही बंद केला. वाटणीत जमीन गेली, चूल वेगळी झाली, पण घट एक आणि सुतकही एक. जनगणनेतलं कुटुंब आणि घटाचं कुटुंब यांच्या सीमा जुळत नाहीत, एवढं या प्रकरणावरून खात्रीनं म्हणता येतं.

खात्रीनं म्हणता येत नाही तेही आहे. हे एक घर आहे. त्याच गावात दुसऱ्या घरी सुतक आलं की घट लगेच हलवतात, असं मला सांगण्यात आलं, ते मी पाहिलेलं नाही. मी पुरुष असल्यामुळं पाळीच्या दिवसांत घटाचं काय होतं हे मला सुनेला विचारता आलं नाही. नऊ दिवसांत ते कधीतरी येतच असणार आणि ते निभावण्याची रीतही घरात असणारच, म्हणजे माझ्या नोंदवहीत निदान एक मोठं भोक आहे. शिवाय मी बसलेलो असताना आरती लांबते. पहिल्या वर्षी दुसऱ्या माळेला अकरा मिनिटं झाली, आणि लेक म्हणाली एरवी चार मिनिटांत उरकतं. आपल्यामुळं पूजा फुगते आहे हे ओळखायची माझी खूण एकच : घरातली पोरं कंटाळून एकमेकांकडं बघायला लागली की समजायचं, हे रोजचं नाही.

आणखी एक मोह टाळावा लागला. घट म्हणजे रब्बीआधीची बियाण्याची उगवण तपासणी, हे स्पष्टीकरण आता सगळीकडं ऐकू येतं, थोरल्या मुलानंही मला ते ऐकवलं. त्या घरात घटात पेरलेली ज्वारी खायच्या पोत्यातली होती, बियाणं दुकानातून पिशवीबंद येतं. आजी कोंब बघतात हे खरं, कोणत्या बाजूचे दाट आले यावर बोलतातही. पण त्यावरून पेरा ठरलेला मी दोन्ही वर्षी पाहिला नाही.

पहिल्या वर्षीच्या दसऱ्याला लेकीनं घट उठवला. सुतक असल्यानं दाराला तोरण नव्हतं, सोनं वाटणं नव्हतं. कोंब बोटभर उंच, पिवळे पडलेले. तिनं ते उपटून भवानीच्या टाकावर वाहिले आणि थोडे भावाच्या टोपीत खोवायला ठेवले. त्यानं खोवले नाहीत, खिशात घातले. माती शेतात टाकायला लेक निघाली तेव्हा ओट्यावरून समोरच्या बाईनं हाक मारून मूठभर कोंब मागितले. लेकीनं आजींकडं पाहिलं. आजी म्हणाल्या, "दे की."